बबल सॉर्ट: आधी चिठ्ठ्यांवर, मग पायथनमध्ये

मागच्या नोंदीत लिनिअर सर्च झाला होता. या खेपेस आकडे चढत्या क्रमाने लावणारा बबल सॉर्ट घेतला, पण कीबोर्डला हात लावण्याआधी पूर्ण कागदावर चालवायचा असं ठरवलं. नागपूरच्या मे महिन्याला शोभतील असे पाच आकडे पाच चिठ्ठ्यांवर लिहिले आणि फरशीवर मांडले: ४४, ४६, ४३, ४५, ४२. कूलरसमोर चिठ्ठ्या टिकत नाहीत, म्हणून प्रत्येकीवर एकेक वाटी. भाचा बघत होता. म्हणाला, "मामा, sort() रेडीमेड आहे न. कायले चिठ्ठ्या फिरवून राहिले तुम्ही?"

नियम एकच. डावीकडून शेजारशेजारच्या दोन चिठ्ठ्या बघायच्या, डावी मोठी असेल तर जागा बदलायची, आणि एक घर पुढे सरकायचं.

पहिल्या फेरीत ४४ आणि ४६ बरोबर आहेत, हात लावला नाही. ४६ आणि ४३ बदलले. ४६ आता तिसऱ्या घरात आला, समोर ४५, पुन्हा बदल. मग ४२, पुन्हा बदल. फेरीअखेर प्रत्येक वेळी काय उरलं ते लिहून ठेवलं:

```
44 46 43 45 42
44 43 45 42 46
43 44 42 45 46
43 42 44 45 46
42 43 44 45 46
```

४६ एका फेरीत थेट टोकाला गेला, म्हणून दुसऱ्या फेरीत शेवटचं घर बघायची गरज नाही. त्यामुळे तुलना ४, ३, २, १ अशा घटत गेल्या. एकूण १० तुलना आणि ७ अदलाबदली.

आता यातल्या ४२ कडे बघा. तो दर फेरीला फक्त एकच घर डावीकडे सरकतो. मोठा आकडा फेरीबरोबर वाहत जातो, छोट्याला मात्र एक धक्का बसतो आणि फेरी त्याला सोडून पुढे जाते. हे पडताळायला अजून दोन मांडण्या केल्या. ४६, ४२, ४३, ४४, ४५ यात पहिल्याच फेरीत सगळं जागेवर आलं. दुसऱ्या फेरीत काहीच हललं नाही, तिथेच थांबलो. तुलना ७. मग ४३, ४४, ४५, ४६, ४२ घेतलं. इथेही अदलाबदली चारच, पण चारही फेऱ्या आणि दहाही तुलना कराव्या लागल्या. दोन्हीकडे चुकीच्या जागी आकडा एकच, फरक फक्त टोकाचा.

कोड असा झाला:

```python
def bubble(a):
    n = len(a)
    for i in range(n - 1):
        swapped = False
        for j in range(n - 1 - i):
            if a[j] > a[j + 1]:
                a[j], a[j + 1] = a[j + 1], a[j]
                swapped = True
        if not swapped:
            break
```

कागदावर केल्याचा फायदा इथे दिसतो. शेवटच्या चिठ्ठीला उजवा शेजारी नसतो, म्हणून आतला लूप `n - 1 - i` ला थांबतो. पहिल्या फेरीत तिथे `n` लिहिलं तर `IndexError` येण्याची शक्यता नव्हे, खात्रीच. दुसरी जागा जास्त फसवी आहे: `>` ऐवजी `>=`. दोन चिठ्ठ्यांवर ४४ लिहून बघा. फेरी त्यांच्यापर्यंत पोचते तोवर दर वेळी त्या उगाच जागा बदलतात. उत्तर बरोबरच येतं, म्हणून लक्षात येत नाही, पण लवकर थांबायची सोय निकामी होते. बाहेरचा लूप `while swapped` असा आणि आतला दर वेळी पूर्ण `n - 1` पर्यंत जाणारा असेल तर प्रोग्राम कधी थांबतच नाही.

आता हळू का, ते. मूळ यादीत मोठा आकडा डावीकडे आणि छोटा उजवीकडे, अशा उलट्या जोड्या मोजल्या. ४४ च्या दोन, ४६ च्या तीन, ४३ ची एक, ४५ ची एक. सात! अदलाबदलीही सातच होत्या, आणि हा योगायोग नाही. शेजारच्या दोघांची जागा बदलली की त्या दोघांचाच आपसातला क्रम बदलतो, बाकी कोणाचाही नाही. म्हणजे एका बदलीत एकच उलटी जोडी सुटते. १००० आकडे पूर्ण उलटे असतील तर जोड्या ४,९९,५००. आकडे कसेही पिसलेले असले तरी सरासरी त्याच्या निम्म्या. कोड कितीही घासूनपुसून लिहा, शेजाऱ्यांशीच व्यवहार करायचा म्हटलं की हा आकडा खाली येत नाही. मर्ज सॉर्ट हजार आकड्यांचं काम दहा हजार तुलनांच्या आत उरकतो.

सुटका दूरच्या उडीत आहे. पहिल्या मांडणीतले टोकाचे ४४ आणि ४२ थेट बदलून पाहिले: ४२, ४६, ४३, ४५, ४४. उलट्या जोड्या सातवरून चारवर आल्या, एका बदलीत तीन सुटल्या. डोनाल्ड शेलने १९५९ मध्ये मांडलेली पद्धत याच लांब उड्यांवर चालते. पुढच्या नोंदीत तीच, आठ चिठ्ठ्या आणि चारच्या अंतरापासून.