दोनशे अठ्ठावीस नगांची तूट

वर्षाअखेरीची साठामोजणी गोदामातली माणसे करतात. लेखापरीक्षक ती पाहायला उभा असतो. लेखापरीक्षण मानक ५०१ची अपेक्षाही तीच आहे: मोजणीच्या लेखी सूचना पुरेशा आहेत का ते पाहावे, त्यांप्रमाणे काम होते का ते प्रत्यक्ष पाहावे, मालाची पाहणी करावी, काही वस्तू स्वतः मोजून ताडून घ्याव्यात आणि शेवटी मोजणीचे आकडे अंतिम हिशेबात जसेच्या तसे उतरले का याची खात्री करावी. यातले शेवटचे काम बहुतेक वेळा कंटाळवाणे असते. विद्युत साहित्याच्या एका गोदामात मात्र खरे प्रकरण तिथूनच सुरू झाले.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी, मालाची ये-जा थांबल्यावर मोजणी सुरू होणार होती. रॅककडे वळण्याआधी मी आवक-जावक विभागात गेले आणि शेवटच्या आवक पावतीचा क्रमांक २०८६ आणि शेवटच्या पाठवणी चलनाचा क्रमांक ४४१७ टिपून घेतला. दोन्ही पुस्तकांतील पुढची कोरी पाने पाहिली आणि गेट रजिस्टरमधील शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून सही घेतली. मोजणीच्या क्षणी कोणता माल आत होता आणि कोणता बाहेर गेला होता, हे नंतर ठरवायला या दोन क्रमांकांखेरीज दुसरा भक्कम आधार नसतो, आणि दुसऱ्या दिवशी गाड्या लागल्यावर ते मिळवायला गेले तर त्यांवर विश्वास ठेवणे कठीण होते.

मोजणीपत्रकांवर अनुक्रमांक छापलेले होते आणि त्यांवर पुस्तकी शिल्लक मुद्दाम दिलेली नव्हती. दोघांच्या जोडीतला एक मोजत होता, दुसरा शाईने लिहीत होता आणि मोजून झालेल्या पॅलेटवर चिठ्ठी लावली जात होती. एका जोडीच्या क्लिपबोर्डखाली मात्र साठा खतावणीची छापील प्रत दिसली. गोदाम व्यवस्थापकांना सांगून मी ती काढून घ्यायला लावली आणि त्या जोडीची झालेली पत्रके दुसऱ्या जोडीकडून पुन्हा मोजून घेतली. ज्याला अपेक्षित आकडा ठाऊक असतो त्याची मोजणी त्या आकड्याशी पोहोचली की थांबते, आणि यात लबाडी असायलाच हवी असे नाही.

ताडणीसाठी मी दोन्ही दिशांनी नमुने घेतले. पत्रकातली ओळ घेऊन माल शोधला की नसलेला किंवा वाढवून लिहिलेला माल उघड होतो. माल पाहून त्याची ओळ शोधली की मोजायचा राहून गेलेला माल सापडतो. पहिल्या दिशेने जाताना जाड केबलची एक ओळ समोर आली: १४ ड्रम, प्रत्येकी ५०० मीटर, एकूण ७,००० मीटर. ड्रम खरोखरच चौदा होते. पण त्यांतल्या दोहोंवरची गुंडाळी इतरांपेक्षा बारीक दिसत होती. अशा केबलच्या वेष्टनावर दर मीटरला चढता आकडा छापलेला असतो आणि केबलचे आतले टोक ड्रमच्या बाजूच्या चकतीतून बाहेर काढून बांधलेले असते, त्यामुळे दोन्ही टोकांचे आकडे वाचले की उरलेली लांबी केबल न उलगडता कळते. एका ड्रमवर बाहेरच्या टोकाला ८१२ आणि आतल्या टोकाला ५०२ होते, म्हणजे केबल ३१० मीटर उरली होती. दुसऱ्यावर तशाच वाचनाने २९० मीटर निघाली. बारा भरलेल्या ड्रमांचे ६,००० धरून खरा साठा ६,६०० मीटर झाला. जोडीने आकडा खोडून, शेजारी नवा लिहून सह्या केल्या. बाकीचे कापलेले ड्रम पुन्हा तपासायला मी सांगितले, कारण अशी चूक एका ओळीपुरती क्वचितच असते. या वेळी मात्र इतर आकार बरोबर निघाले.

मोजणीपत्रके परत गोळा होताना दिलेले आणि आलेले क्रमांक जुळले. कोरी राहिलेली पत्रके मी तिथेच तिरप्या रेघा मारून रद्द करून घेतली.

दुसऱ्या दिवशी लेखा विभागाने पुस्तकी शिल्लक आणि मोजणी यांतील तफावतींची यादी दिली. केबलची पुस्तकी शिल्लक ६,६२० मीटर होती, म्हणजे २० मीटरची तूट होती. मूळ ७,००० मीटर पत्रकात तसेच राहिले असते तर ३८० मीटरची वाढ दिसली असती आणि तुटीचा कुणाला पत्ताही लागला नसता. कापताना सैल हाताने थोडी जास्त केबल दिली जाते, असे कापणाऱ्याचे म्हणणे होते. ते पटण्यासारखे होते, पण कापणीची नोंदवही नसल्याने सिद्ध होण्यासारखे नव्हते. ती २० मीटर तूट म्हणूनच नोंदवली गेली.

यादीत एकाच कंपनीच्या सिंगल पोल एमसीबींच्या, म्हणजे जास्त प्रवाह आला की वीज आपोआप तोडणाऱ्या स्विचांच्या, दोन ओळी एकाखाली एक होत्या: ६ अँपिअरचे ६० नग कमी आणि १० अँपिअरचे ६० नग जास्त. दोहोंची किंमत जवळपास सारखी असल्याने एकत्रित फरक शून्याच्या आसपास येत होता आणि लेखा विभागाने त्यापुढे ‘परस्पर समायोजित’ असा शेरा मारला होता. मला तो शेरा आवडला नाही. बारा-बारा नगांची पाच खोकी १० अँपिअरच्या कप्प्यात ठेवलेली होती. ती उघडल्यावर आत ६ अँपिअरचे नग निघाले. जोडीने कप्प्यावरची चिठ्ठी वाचून मोजणी केली होती. म्हणजे पुस्तक बरोबर होते, मोजणी चुकीची होती आणि दुरुस्ती फक्त पत्रकात करायची होती.

सर्वांत मोठी तफावत थ्री पोल ३२ अँपिअर एमसीबीची होती. पुस्तकी शिल्लक १,१५०, मोजणी ९२२ आणि तूट २२८. पुन्हा मोजले तरी ९२२च भरले. गोदाम व्यवस्थापक म्हणाले, “मॅडम, हा माल छोटा आणि महाग आहे, कुठे ना कुठे गळती होतच असते. मोजणी तुमच्या समोर झाली आहे, आता तूट लिहून मोकळे होऊ.” नोंदीचे व्हाउचर तयारच होते. त्यांच्या म्हणण्यातला पहिला भाग खोटा नव्हता, पण २२८ हा आकडा गळतीचा वाटत नव्हता. त्याला बाराने नि:शेष भाग जातो आणि एकोणीस खोकी होतात. चोरी किंवा सुटी गळती इतकी शिस्तीने खोक्यात भरून जात नाही.

एकोणीस खोक्यांचे चलन शोधले तर तसे एकही नव्हते. मग मी मोजणीपत्रके पुन्हा काढली. ९२२ हा आकडा दोन ओळींचा होता: रॅकवर ९१०, म्हणजे ७५ खोकी आणि १० सुटे नग, आणि परतीच्या मालाच्या कोपऱ्यात १२ नग. हे १२ वेगळे असू शकतात हे लक्षात आल्यावर शोध एकोणिसांऐवजी वीस खोक्यांचा झाला, आणि चलन क्रमांक ४४१२ वर नेमकी वीस खोकी, २४० नग, सापडली. चलनावर वर्षाच्या शेवटच्या दिवसाची तारीख होती. त्याचे बीजक मात्र दुसऱ्या दिवशी, नव्या वर्षात तयार झाले होते. या प्रणालीत साठा चलनाने कमी होत नाही, बीजकाने होतो. कोपऱ्यातले १२ नग एका ग्राहकाने परत पाठवलेले होते. ते आधीच आले होते, पण परतीची रक्कम ग्राहकाच्या खात्यात वळती करणारी क्रेडिट नोट विक्री विभागात मंजुरीला पडून असल्याने पुस्तकात जमा झाले नव्हते. १,१५० मधून २४० वजा केले आणि १२ मिळवले की ९२२ येतात.

गणित इतके नेमके जुळले की मी जरा जास्तच सावध होते. पाठवणी चलन गोदामातच लिहिले जाते, त्यामुळे गोदामातून माल कुठे गेला याचा तो एकटा पुरावा होऊ शकत नाही. गेट रजिस्टरमध्ये माझ्या रेघेच्या वर त्या गाडीची बाहेर जाण्याची नोंद होती, वाहतूकदाराच्या पावतीवर तीच तारीख आणि वीस खोकी होती आणि काही दिवसांनी ग्राहकाची सही असलेली पोच आली. विक्री करारानुसार माल वाहतूकदाराच्या ताब्यात देताच मालकी ग्राहकाकडे जात होती. करारात ‘ग्राहकाच्या दारी पोच झाल्यावर’ असे असते तर ते २४० नग गाडीत असूनही कंपनीच्याच साठ्यात धरावे लागले असते आणि विक्री नव्या वर्षात राहिली असती. माल गोदामात नाही एवढ्यावरून तो आपला नाही असे ठरत नाही.

मग तयार व्हाउचरची गोष्ट मी व्यवस्थापकांसमोर कागदावर मांडली. २२८ नगांची तूट जुन्या वर्षात लिहिली असती तर पुस्तक ९२२ वर आले असते. नव्या वर्षात बीजकाने त्यातून आणखी २४० वजा झाले असते, परतीचे १२ जमा झाले असते आणि प्रत्यक्षात ९२२ नग असताना पुस्तक ६९४ दाखवू लागले असते. जुन्या वर्षाला न झालेला तोटा, नव्या वर्षाला त्याच मालाची विक्री आणि पुढच्या मोजणीत २२८ नगांची ‘वाढ’ असा तो प्रकार झाला असता. ते थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि मग त्यांनीच व्हाउचर फाडले.

२४० नगांची विक्री आणि त्यांची किंमत दोन्ही जुन्या वर्षात घेतली गेली. परतीच्या १२ नगांची विक्री उलटवून ते साठ्यात जमा झाले. त्यांतल्या ५ नगांचे आवरण तडकलेले होते. मोजणीत ते १२ पैकीच असले, तरी मूल्यांकनात त्यांना खरेदी किंमत देता येत नव्हती. विकून जे हाती येईल तेवढ्यावरच, म्हणजे जवळजवळ भंगाराच्या भावाने, ते धरले गेले.

४४१२ सापडल्यावर शेवटची सगळी चलने त्यांच्या बीजकांच्या तारखांशी पडताळणे क्रमप्राप्त होते, आणि उलट बाजूने नव्या वर्षातली पहिली चलने जुन्या तारखेच्या बीजकांशी. उलट बाजूला काही निघाले नाही. पण चलन ४४१५चेही बीजक दुसऱ्या दिवसाचे होते. त्यावरच्या ३० स्विचची तूट यादीत होती, मात्र रक्कम लहान असल्याने तिला न तपासता मंजुरी मिळाली होती. ती मंजुरी रद्द करून तिथेही विक्रीच नोंदवली गेली.

दोन्ही चलने लेखा विभाग बंद झाल्यानंतर लिहिलेली होती. रोज त्या वेळेनंतर गेलेल्या मालाची बीजके दुसऱ्या सकाळी बनत आणि प्रणाली त्यांवर आपोआप त्या सकाळची तारीख घाली. एरवी ही एका रात्रीची तफावत कोणाच्या नजरेस येत नसे. बीजकावर चलनाची तारीख घेण्याची सोय प्रणालीत आधीपासून होती. ती सुरू केलेली नव्हती.