रापणीची टाइमलाइन आणि आजचा दिवस

मालवणच्या रापणीवरील, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून केल्या जाणाऱ्या मासेमारीवरील, आमच्या ४८ मिनिटांच्या माहितीपटाची टाइमलाइन ११ ट्रॅकपर्यंत फुगल्यावर मी प्रीमियर या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रसंगाच्या क्लिप निवडून `Nest...` केले होते. त्यामुळे त्या क्लिप एका वेगळ्या सीक्वेन्समध्ये, म्हणजे आतल्या टाइमलाइनमध्ये, जातात आणि मुख्य टाइमलाइनवर त्यांच्या जागी एकच क्लिप उरते. होडी समुद्रात जाणे, जाळे ओढणे, किनाऱ्यावरचा लिलाव असे मोजकेच तुकडे मुख्य टाइमलाइनवर उरले आणि प्रसंगांचा क्रम बदलणे सोपे झाले.

आज गावच्या तांडेलकाकांनी चित्रपट पाहून सांगितले, की दोर ओढणाऱ्यांची दमछाक फार लवकर आटोपते. नेस्टवर डबल-क्लिक करून मी आत मध्यावर ४० सेकंदांची दृश्ये घातली. मात्र आतला सीक्वेन्स लांबला तरी बाहेरच्या क्लिपची लांबी आपोआप वाढत नाही. त्यामुळे जाळ्याचा मासळीने भरलेला खोला वाळूवर येतो ते शेवटचे दृश्यच कापले गेले. बाहेरच्या क्लिपचे टोक रिपल एडिटने ४० सेकंद ओढल्यावर ते परत आले आणि पुढचा लिलावही तितकाच सरकला.

दुसरी चूक उशिरा दिसली. त्याच नेस्टच्या उत्तरार्धातील ६ सेकंद मी शीर्षकामागे वापरले होते. दोन्ही क्लिप एकाच सीक्वेन्सकडे बोट दाखवत असल्याने शीर्षकामागे आता भलतेच दृश्य येत होते. बदलापूर्वीच प्रोजेक्ट पॅनेलमध्ये त्या सीक्वेन्सची `Duplicate` प्रत करून शीर्षकासाठी ती वापरायला हवी होती, कारण टाइमलाइनवर केलेली नुसती कॉपी मूळ सीक्वेन्सलाच जोडलेली राहते. शेवटी बदललेल्या नेस्टमधील ४० सेकंद पुढची जागा शोधून मी ते दृश्य पुन्हा बसवले.