खालचा दीड, वरचा एक

मे महिन्यात एसीवाल्याला जेवायला वेळ नसतो. त्यात गुहागरच्या अलीकडच्या एका वाडीतून पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा त्याच घरचा फोन आला. पहिल्या वेळी मी वरच्या खोलीतला एसी उघडला, जाळी धुतली, कॉइलवर पाणी मारलं, आठशे रुपये घेतले आणि "आता बघा कसा थंड करतो" म्हणून चिपळूणला परत आलो. तो काही थंड करत नव्हता. मशीनमध्ये दोष नव्हताच, आणि खोलीकडे मी नीट बघितलंच नव्हतं.

घर जुनं, पुढचा भाग कौलारू, मागच्या बाजूला नंतर वाढवलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या, एकावर एक. खाली काका-काकी झोपतात. वरची खोली ठाण्याच्या मुलाची, तो सुट्टीत बायको-मुलांना घेऊन येतो. एसी त्यानेच शहरातल्या दुकानातून पाठवले होते, खाली दीड टनाचा आणि वर एक टनाचा. आईवडील रोज वापरणार म्हणून त्यांना मोठा, आपण आठ दिवस येणार म्हणून आपल्याला लहान. भावना चांगली होती. दुकानदाराने खोल्यांची मापं विचारली नाहीत आणि त्यानेही सांगितली नाहीत.

या वेळी मी मुद्दाम संध्याकाळी सहाला गेलो आणि टेप बाहेर काढला. काकी म्हणाल्या, "आधी खालचा बघ रे. वरचा निदान गरम होतो हे कळतं तरी. खालच्याचं काय होतंय तेच कळत नाही. थंडी वाजते आणि अंग चिकटच. गोदडीला वास यायला लागलाय." एसी त्यांनी २० वर ठेवला होता. चिकट वाटलं की आणखी एक आकडा खाली, असं करत करत त्या तिथवर आल्या होत्या. कपाट ओढून बघितलं तर मागच्या भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके.

मी खिडकीखालच्या ड्रेन पाइपला पाण्याची लिटरची बाटली बांधली, मोबाइलमध्ये वेळ लावली आणि आउटडोअरजवळ स्टूल घेऊन बसलो. कॉम्प्रेसर पाच मिनिटं चालायचा, खट्ट करून बंद पडायचा, सहा-सात मिनिटं गप्प, मग पुन्हा सुरू. तासाभरात बाटलीत जेमतेम पाव लिटर पाणी. खोलीत ठेवलेला आर्द्रतेचा छोटा मीटर ७४ टक्के दाखवत होता आणि तापमान २१. देवघरात जसा गारवा असतो तसा, ओला.

हे का होतं ते काकांना सांगायला मला ओटीवरच्या तांब्याचा उपयोग झाला. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसाच आतल्या कॉइलला सुटतो. तो घाम म्हणजे खोलीतल्या हवेतलं पाणी. कॉइल गार झाली की थेंब धरायला लागतात, थेंब मोठे होऊन खाली घरंगळायला आणि पाइपमधून बाहेर पडायला काही मिनिटं जातात. मशीन खोलीच्या मानाने मोठं असेल तर तेवढ्यात खोली ठरलेल्या आकड्यावर येते आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. पंखा मात्र फिरतच राहतो, आणि कॉइलवर अडकलेलं पाणी तोच पंखा पुन्हा खोलीत उडवतो. हवा गार होते, कोरडी होत नाही. पुणे-नाशिकला उन्हाळ्यात हवा मुळातच कोरडी, तिथे ही चूक खपून जाते. आपल्याकडे मे महिन्यात समुद्रावरून येणारी हवा पाण्याने भरलेली, ती चूक लगेच गोदडीत उतरते.

बुरशीचं कारणही तेच. रात्रभर भिंत गार करायची आणि सकाळी सहाला एसी बंद करून खिडक्या उघडायच्या. बाहेरची दमट हवा त्या गार भिंतीला लागते, तिला तांब्यासारखाच घाम सुटतो. कपाटामागे वारा नाही, मग ते वाळणार कसं?

आता मापं. खालची खोली १० बाय ११, म्हणजे ११० चौरस फूट, उंची ९ फूट. आमच्या धंद्यात ढोबळ हिशेब असा की साधारण १२० चौरस फुटाला एक टन, म्हणजे चौरस फुटाला १०० बीटीयू. बीटीयू हे उष्णता मोजायचं माप, आणि एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू. (मशीनच्या वजनाशी त्याचा संबंध नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढेल तेवढी, म्हणून टन. हे काकांना इतकं आवडलं की त्यांनी ते शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं.) तर ११,००० झाले. या खोलीला ऊन लागतच नाही. पूर्वेला फणस, उत्तरेला विहिरीकडची झाडी आणि डोक्यावर दुसरी खोली. म्हणून दहा टक्के कमी करायचे. उरले जवळपास १०,०००, आणि माणसं दोनच. तिथे बसवलेलं मशीन १८,००० चं. गरजेच्या जवळजवळ दुप्पट.

वर गेलो तेव्हा साडेसात वाजले होते. सूर्य बुडून गेला होता, पण दार उघडल्याबरोबर तोंडावर वाफ आली. मी पलंगावर उभा राहून छताला तळवा लावला आणि झटकन काढला. तापमान मोजायच्या बंदुकीने बघितलं, स्लॅबची खालची बाजू ३९, पश्चिमेची भिंत ३६, आतली भिंत ३१. हीच गोष्ट पहिल्या खेपेला माझ्या लक्षात आली नव्हती, कारण तेव्हा मी सकाळी दहाला आलो होतो आणि स्लॅब तापलेलाच नव्हता. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री नऊ-दहापर्यंत ते खोलीत ओकत राहतो. माणूस झोपायला येतो ती नेमकी वेळ.

ही खोली ११ बाय १३, १४३ चौरस फूट. हिशेबाचे १४,३००. उंची साडेदहा फूट. ढोबळ हिशेब नऊएक फूट उंची धरून केलेला असतो. वरच्या दीड फुटासाठी कोणी थेट घनफुटाच्या प्रमाणात वाढवतात, पण मला ते जास्त वाटतं. वरची हवा एकदा गार झाली की झाली, रोजचा भार येतो तो वाढलेल्या भिंतीतून. म्हणून मी दहा टक्के धरतो. झाले सुमारे १५,७००. पश्चिमेची भिंत आणि तिच्यात चार बाय चारची काचेची खिडकी, त्याचे आणखी दहा टक्के. वर उघडी गच्ची, त्याचे पंधरा-एक टक्के. बेरीज २०,००० च्या जरा खाली. आणि तिथे कोण राबतंय? १२,००० चं मशीन. ते बिचारं एक मिनिट न थांबता चालत होतं आणि मी त्याला आंघोळ घालून आलो होतो.

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, मग वर सरळ दोन टनाचा टाकू या का?" बेरीज बघितली तर तेच दिसतं, म्हणून त्याची चूक नाही. पण २०,००० चा आकडा मे महिन्यातल्या उन्हाचा. गणपतीत तो घरी येतो तेव्हा बाहेर पाऊस, स्लॅब ओला, ऊन नाही. तेव्हा दोन टनाचं मशीन वरच्या खोलीत तेच करेल जे दीड टनाचं खाली करतंय. आणि इतकं मशीन वाढवण्यापेक्षा ऊन अडवणं स्वस्त. नाहीतरी काका आगोटीच्या आधी गच्चीवर पत्र्याची शेड टाकणारच होते, गळतीसाठी. ती शेड झाली की स्लॅबवर थेट ऊन पडत नाही आणि मधून वारा खेळतो. खिडकीला बाहेरून ताडपत्रीची झडप लावा म्हटलं. आतल्या पडद्यापेक्षा बाहेरची झडप चांगली, कारण काचेतून आत आलेलं ऊन आतच राहतं. एवढं केलं की गरज १७,००० च्या आसपास येते. म्हणजे दीड टन. तो तर खालीच लटकत होता.

नवीन काही विकायचं नव्हतं, फक्त अदलाबदल. ऐकायला सोपी आहे, पण दोन माणसांचा एक अख्खा दिवस गेला. गॅस आउटडोअरमध्ये ओढून घ्यायचा, युनिट उतरवायची, चढवायची, पंपाने पाइपमधली हवा आणि ओल पूर्ण काढायची. तांब्याच्या पाइपही बदलाव्या लागल्या, कारण एक टनाची जाड पाइप बहुधा तीन अष्टमांश इंचाची असते आणि दीड टनाची अर्ध्या इंचाची. वरची वायर आणि एमसीबीही बदलली. पहिल्या खेपेचे आठशे मी मजुरीतून वजा केले. काकी नको म्हणाल्या, पण मला ते बोचत होतं.

चार दिवसांनी पुन्हा बाटली घेऊन गेलो, कोणी बोलावलं नव्हतं. खाली आता एक टन. काकींना २४ वर ठेवायला सांगितलं होतं, त्यांनी कुरकुरत ठेवला होता. कॉम्प्रेसर वीस-वीस मिनिटं सलग चालत होता. तासाला पाऊण लिटर पाणी. मीटरवर ५७ टक्के. "आकडा वाढवला तरी गोदडी कोरडी कशी?" काकी विचारत होत्या आणि उत्तराची वाट न बघता गोदडी माझ्या हातात देत होत्या.

वर मात्र शेड अजून व्हायची होती. दीड टनाने रात्री साडेदहापर्यंत २७ च्या खाली उतरायला नकार दिला. मुलगा ठाण्याहून रोज मेसेज करायचा, "दोन टन घेतला असता तर?" मी गप्प राहिलो. मे संपता संपता पत्रे चढले, झडप लागली, आणि मग एका कडक उन्हाच्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा पलंगावर चढून छताला हात लावला. या वेळी ठेवता आला. बंदूक ३३ सांगत होती, आणि रात्री नऊला खोली २५ वर आली हे मला नंतर फोनवर कळलं.

निघताना काकांनी मला माजघरात थांबवलं. टेप आता त्यांच्याच हातात होता. "ही १२ बाय १४. म्हणजे १६८. दीड टन, बरोबर ना?" हिशेब बरोबर होता. मी वर बघितलं. आढ्यापर्यंत पंधरा फूट, मधे काही नाही, दोन कौलांच्या फटीतून संध्याकाळचं ऊन आत येत होतं आणि काचेच्या कौलाखाली धूळ नाचत होती.

"काका, आधी खाली छत ठोकून घ्या," मी म्हटलं. "नाहीतर आपण सगळी वाडी थंड करत बसू."

"किती टन लागेल त्याला?" काकांनी विचारलं आणि टेप गुंडाळून ठेवला.