वर्षातून एकदाच येणारा खर्च

‘पहिल्यांदाच घराचं बजेट करतोय. कुठला खर्च स्थिर, कुठला बदलता आणि कुठला नैमित्तिक, हे ठरवायचं कसं?’

प्रत्येक खर्चाला आधी एकच प्रश्न विचारा: हा दर महिन्याला येतो का? येत नसेल तर तो नैमित्तिक, मग त्याची रक्कम वर्षानुवर्षं तीच का असेना. दर महिन्याला येत असेल, तरच दुसरा प्रश्न: रक्कम तीच असते का? असेल तर स्थिर, नसेल तर बदलता. भाडं आणि कर्जाचा हप्ता स्थिर, किराणा आणि विजेचं बिल बदलतं. खर्च गरजेचा आहे की नाही, हा विचार इथे आणू नका. वीज गरजेची असूनही बदलत्यात जाते, आणि कुणी न पाहणाऱ्या चॅनेलची वर्गणी स्थिर खर्चात बसते.

माझी चूक नैमित्तिक खर्चात झाली. मी मागच्या एका महिन्याच्या नोंदी घेऊन बजेट केलं. तीन महिने ते छान चाललं. चौथ्या महिन्यात विम्याचा हप्ता आला आणि सगळं कोलमडलं. रक्कम ठरलेली, तारीख ठरलेली. पण मी पाहिलेल्या महिन्यात तो नव्हताच. म्हणून बँकेचं स्टेटमेंट पूर्ण १२ महिन्यांचं काढा आणि एकदोनदाच दिसणाऱ्या रकमांवर खूण करा.

समजा, त्यातून तीन खर्च निघाले: विमा १२,०००, गाडीचं सर्व्हिसिंग वर्षातून दोनदा ३,०००, आणि शाळेची वार्षिक फी १८,०००. एकूण ३६,०००, म्हणजे महिन्याला ३,००० बाजूला. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि पहिल्या वर्षी हेच गणित फसवतं, कारण आपण सुरुवात वर्षाच्या मधूनच करतो. सर्व्हिसिंग दुसऱ्या आणि आठव्या महिन्यात, विमा चौथ्यात आणि फी नवव्यात असेल, तर ३,००० प्रमाणे चौथ्या महिन्यापर्यंत १२,००० साठतात, लागतात मात्र १५,०००.

त्यामुळे तारखांच्या क्रमाने बेरीज करत चला. प्रत्येक तारखेपर्यंत एकूण किती लागणार, त्याला तोवरच्या महिन्यांनी भागा. दुसऱ्या महिन्यासाठी १,५००, चौथ्यासाठी ३,७५०, आठव्यासाठी २,२५० आणि नवव्यासाठी ४,००० येतात. यातला सर्वांत मोठा आकडा धरायचा: पहिले नऊ महिने ४,०००. हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, नाहीतर पगाराच्या खात्यात ते शिल्लक वाटतात आणि खर्च होऊन जातात. (अचानक आलेलं आजारपण यात धरू नका, त्याची तजवीज निराळी हवी.)

फी भरल्यावर नवव्या महिन्यात हे खातं शून्यावर येईल. घाबरू नका, हिशोब बरोबरच आहे. दहाव्या महिन्यापासून ३,००० पुरतात.