आमची वाटचाल: रजेचे नवे धोरण कामगारांपुढे मांडताना

कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या शेडमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनवायला आम्ही सुरुवात केली, तेव्हा रजेसाठी लेखी नियमाची गरज कोणालाच भासली नव्हती. माणसे मोजकी होती, सर्वांची घरे एकमेकांना ठाऊक होती आणि कोणाच्या घरी दीड दिवसाचा गणपती, कोणाच्या घरी सात दिवसांचा, हेही सर्वांना माहीत असे. पुढे काजू पॅक करणारे व्यापारी आणि औषधांचे कारखाने आमचे ग्राहक झाले, कोरुगेशनचे दुसरे यंत्र आले आणि कामगारांची संख्या विसाच्या पुढे गेली. आज आमच्याकडे फोंडा व डिचोलीची माणसे आहेत, दोडामार्ग आणि बांद्याहून रोज ये-जा करणारी आहेत आणि कर्नाटकातून येऊन इथे स्थायिक झालेलीही आहेत. इतक्या माणसांची रजा तोंडी सांभाळता येत नाही, कारण तोंडी रजेत जो मागतो त्याला मिळते आणि जो संकोचतो त्याची राहून जाते. आमच्या मस्टरवर हे स्पष्ट दिसत होते: पेस्टिंग विभागातल्या दोन महिलांच्या खात्यावर वर्षानुवर्षांची रजा साठली होती आणि काहींच्या खात्यावर एकही दिवस शिल्लक नव्हता.

याच सुमारास कायदाही बदलला. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि रजेबाबत 1948 च्या कारखाने अधिनियमाची जागा तिने घेतली. त्यामुळे 1 जानेवारी 2026 पासून लागू होणारे लेखी रजा धोरण आम्ही तयार केले आणि डिसेंबरमध्ये ते सर्वांपुढे मांडले. वर्ष एप्रिलऐवजी जानेवारीपासून धरण्याचे कारण इतकेच की कायद्यात रजेचा हिशेब कॅलेंडर वर्षावर होतो आणि दोन वेगळी वर्षे चालवली तर हिशेब कामगाराला स्वतः पडताळता येत नाही. तो त्याला पडताळता यावा, हा माझा पहिल्यापासून आग्रह होता.

सर्वांना एकत्र उभे करून धोरण वाचून दाखवायचे नाही, असे मी ठरवले होते. विभागवार छोट्या बैठका घेतल्या, बोलणे मराठी-कोंकणीत आणि गरज पडेल तिथे हिंदीत केले आणि प्रत्येकाच्या हाती त्याच्या स्वतःच्या शिल्लक रजेची चिठ्ठी दिली. आपला आकडा हातात असला की माणूस नियम आपल्यापुरता लावून पाहतो आणि मग खरे प्रश्न विचारतो.

मुख्य बदल पात्रतेचा आहे. भरपगारी रजा पूर्वीप्रमाणेच दर 20 दिवस कामामागे एक दिवस अशी मिळते. मात्र ती मिळण्यासाठी पूर्वी वर्षात 240 दिवस काम व्हावे लागे, ती अट आता 180 दिवसांवर आली आहे. ज्याने आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे वर्षात 200 दिवसच काम केले, त्याला जुन्या नियमाने या रजेचा हक्क मिळत नव्हता. आता त्याला 10 दिवस मिळतात. वर्षाच्या मधे रुजू होणाऱ्यासाठीही अट सैल झाली आहे. 1 जुलैला आलेल्या माणसाच्या वाट्याला वर्षाचे 184 दिवस उरतात. पूर्वी त्यांपैकी दोन तृतीयांश दिवस काम करणे आवश्यक होते, आता एक चतुर्थांश, म्हणजे 46 दिवस पुरेसे आहेत. घेतलेली भरपगारी रजा आणि बाळंतपणाची रजा पात्रतेच्या 180 दिवसांत धरली जाते, परंतु त्या दिवसांवर नवी रजा जमा होत नाही. हा फरक समजावून सांगायला सर्वाधिक वेळ लागला, म्हणून तो धोरणाच्या कागदावर ठळक अक्षरांत छापला आहे.

दुसरा बदल शिल्लक रजेचा. पुढच्या वर्षात जास्तीत जास्त 30 दिवस नेता येतात आणि त्यावरच्या दिवसांचे पैसे मागता येतात. मात्र रजा मागूनही आम्ही नाकारली असेल, तर ते दिवस या मर्यादेत धरले जात नाहीत. ते मर्यादेबाहेर पुढे जातात. ही तरतूद फळ्यावर उदाहरण लिहूनच स्पष्ट झाली. समजा, स्टिचिंग विभागातल्या एका कामगाराच्या खात्यावर 1 जानेवारी 2026 रोजी 26 दिवस आहेत. वर्षात त्याने 6 दिवस घेतले, 20 उरले. वर्षभरात त्याचे काम 280 दिवस भरले, म्हणून 14 दिवस नवे जमा झाले आणि एकूण 34 झाले. एरवी 30 पुढे जातील आणि 4 दिवसांचे पैसे त्याला मिळतील. पण डिसेंबरमध्ये नाताळापूर्वीच्या काजूच्या खोक्यांच्या ऑर्डरमुळे आम्ही त्याची 3 दिवसांची रजा लेखी नाकारली असेल, तर 33 दिवस पुढे जातील आणि एकाच दिवसाचे पैसे होतील. त्यामुळे रजा नाकारताना पर्यवेक्षकाने अर्जावर कारण आणि तारीख लिहून सही करायची आणि अर्जाची प्रत कामगाराला द्यायची, असा नियम आम्ही केला. तोंडी नकाराची नोंद राहत नाही आणि नोंद नसेल तर कामगाराचा हक्क बुडतो.

पेस्टिंगमधल्या एका बाईंनी विचारले, "रजा न घेता दरवर्षी सगळ्याच रजेचे पैसे मागितले तर चालेल का?" वर्षअखेरीस मागणी केल्यास रजेचे पैसे देण्याची तरतूद संहितेत आहे, त्यामुळे आम्ही ते नाकारू शकत नाही आणि नाकारणारही नाही. तरीही माझे मत मी त्यांना सांगितले: दिवसभर उभे राहून गोंदाचे आणि पुठ्ठ्याचे काम करणाऱ्याने वर्षातून निदान एक सलग आठवडा घरी काढावा. म्हणून ज्याने वर्षात सलग पाच दिवस रजा घेतलेली नसेल, त्याच्याशी ऑक्टोबरमध्ये पर्यवेक्षक स्वतः बोलेल आणि सोयीचे दिवस ठरवून देईल.

सर्वांत लांब चर्चा अर्थातच चतुर्थीवर झाली. गोव्यात चतुर्थीला माणूस आपल्या मूळ घरी जाणारच, त्याला थांबवणे योग्य नाही आणि शक्यही नाही. प्रश्न एवढाच उरतो की दोन्ही कोरुगेशन ऑपरेटर एकाच वेळी आठवडाभर गेले, तर कागदाचे रोल पडून राहतात आणि पुढची पेस्टिंग, स्टिचिंग, डाय-पंचिंग ही सारी कामे थांबतात. औषध कारखान्यांची मागणी मात्र सणातही चालू असते. 2026 मध्ये चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी आहे. ते उदाहरण घेऊन आम्ही आखणी केली. सोमवार ते बुधवार कारखाना पूर्ण बंद राहील. त्यांपैकी सोमवारची सणाची सुट्टी कारखान्याची आणि उरलेले दोन दिवस प्रत्येकाच्या रजेतले. गुरुवारपासून एक ऑपरेटर आणि निम्मी माणसे कामावर येतील. ज्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो, ते साहजिकच आधी परततात. पाच किंवा सात दिवसांचा गणपती असलेल्यांना पूर्ण आठवडा मिळतो. दोन्ही ऑपरेटरांच्या घरचे विसर्जन उशिरा असेल, तर एका वर्षी एकाने आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याने आधी यायचे, हे त्या दोघांनी आपसांत ठरवून आम्हाला सांगितले.

याच ठिकाणी एक जुना गैरसमज दूर करता आला. मधला रविवारही रजेत कापला जातो, असे अनेकांना वाटत होते. रजेच्या मधे किंवा तिच्या टोकाला येणारी साप्ताहिक सुट्टी व सणाची सुट्टी रजेत मोजायची नसते. शनिवार 12 सप्टेंबरला संध्याकाळी घरी गेलेला आणि सोमवार 21 तारखेला कामावर आलेला माणूस आठ दिवस घरी राहतो. त्याच्या खात्यातून मंगळवार ते शनिवार असे पाचच दिवस वजा होतात. हे ऐकल्यावर बांद्याच्या एका कामगाराने चिठ्ठीच्या मागेच आपला हिशेब मांडून तो सर्वांना दाखवला.

चतुर्थीच्या रजेचे अर्ज 1 ऑगस्टपर्यंत द्यायचे आहेत आणि इतर रजेचे 15 दिवस आधी. शिरगावची लईराईची जत्रा असो किंवा गावचा शिगमो, तिथी पंचांगात आधीच छापलेली असते, त्यामुळे ही मुदत जाचक नाही असे मला वाटते. आजारपण, अपघात किंवा घरातला मृत्यू यांना मुदत नाही. त्या दिवशी फोन करावा आणि परत आल्यावर अर्ज द्यावा.

आजारपणासाठी वर्षाला सहा दिवसांची वेगळी भरपगारी रजा धोरणात ठेवली आहे आणि तिचा राज्य विमा योजनेशी, म्हणजे ईएसआयशी संबंध आहे. महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ही योजना लागू होते. तिच्यातून आजारपणात वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते, पण नव्या आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचे काहीच मिळत नाही. ते दोन दिवस आमच्या आजारपणाच्या रजेतून भरले जातील. तिसऱ्या दिवसापासून विमा योजनेची रक्कम घ्यायची असेल, तर त्या दिवसांवर भरपगारी रजा लावू नये, कारण पगारी रजेच्या दिवसांसाठी ती रक्कम मिळत नाही. डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेतल्यावर प्रथम कार्यालयात विचारावे आणि मगच रजेचा अर्ज भरावा.

संहितेतील कामगाराच्या व्याख्येत महिना 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक येत नाहीत. आम्ही मात्र हेच धोरण पर्यवेक्षक, कार्यालयातील कर्मचारी आणि टेम्पोचालक या सर्वांना लागू केले आहे. एकाच छपराखाली दोन नियम चालवणे मला पटत नाही. आजवरची शिल्लक रजा जशीच्या तशी नव्या खात्यात आली आहे आणि 30 दिवसांवरच्या जुन्या दिवसांचे पैसे जानेवारीच्या पगारासोबत देण्याचे ठरले आहे.

आपल्या रजेचा आकडा हिशेब विभागातील बाईंकडे रोज दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास विचारता येतो. प्रत्येकाची रजापुस्तिका त्यांच्याकडेच असून ती हातात घेऊन पाहण्याचा अधिकार त्या त्या कामगाराला आहे. नाकारलेल्या रजेबद्दल किंवा पर्यवेक्षकाविषयी काही सांगायचे असेल, तर शनिवारी सकाळी मी स्वतः शेडमध्ये असतो. माझ्या उत्तरानेही समाधान झाले नाही, तर पणजीतील कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाता येते. तेथील पत्ता धोरणाच्या कागदाखाली छापला आहे आणि तो कागद मस्टरशेजारी मराठी व हिंदीत लावलेला आहे.