वाटणी, पगार आणि उधारीचा शब्द

रविवार, रात्री

आज मार्केट यार्ड बंद, म्हणून आमच्या हळदीच्या आडत पेढीची बैठक घरीच झाली. अण्णांनी चहा संपायच्या आत सांगून टाकलं, "३१ मार्चनंतर माझं नाव भागीदारीतून काढा. तुमचं तुम्ही ठरवा." हळदीचा हंगाम ऐन भरात असताना हे बोलायची काय घाई होती, असं दादाच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दादाचं म्हणणं सरळ आहे. मी थोरला, अण्णांनंतर मी कर्ता, पेढीवर शब्द माझा. पुण्याहून आलेला धाकटा म्हणाला, "शब्द तुझा असू दे दादा, पण पैसा माझाही आहे." मग जे व्हायचं ते झालं. वहिनी आत निघून गेल्या. आईने टीव्ही लावला, पण आवाज बंद ठेवून.

मधला असल्याने वह्या माझ्याकडे असतात. दोघांना वाटतं की मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे. एका अर्थी हे बरंच म्हणायचं.

सोमवार

दुपारी सीएंकडे गेलो. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत 'कर्ता' हा विषय संपवला. कर्ता हिंदू अविभक्त कुटुंबाच्या धंद्याला असतो. आमची पेढी भागीदारीवर चालते आणि तिथे थोरलेपणाला कायद्यात काही जागा नाही. करारात वेगळं लिहिलं नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नफा सगळ्यांना सारखा मिळतो, कामाचा पगार कुणालाच मिळत नाही, आणि रोजच्या कारभारातला मतभेद बहुमताने सुटतो. नवा भागीदार घ्यायचा असेल तर मात्र सगळ्यांची संमती लागते.

आमच्या जुन्या करारात चौघांना चार आणे, एवढंच लिहिलंय. पगाराबद्दल काही नाही, भांडवलावरच्या व्याजाबद्दल नाही, आणि कुणी गेलं तर पुढे काय याबद्दलही नाही. करारात तसं लिहिलेलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्मच विसर्जित होते. हे ऐकून अण्णा घरी नुसते "हं" म्हणाले.

मंगळवार

सौदे लवकर आटोपले. गेल्या वर्षीचा ताळेबंद घेऊन बसलो. घरच्यांना काहीही देण्याआधीचा नफा ३६ लाख. चार आण्यांच्या हिशोबाने प्रत्येकी नऊ. पहाटेपासून पेढीवर असणाऱ्या दादाला नऊ आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्यालाही नऊ. दादाचा राग खरा आहे. पण भांडवल बघितलं तर अण्णांचे ६० लाख, धाकट्याचे ५० आणि आम्हा दोघांचे वीस-वीस. धाकट्याचा रागही खोटा नाही.

नफा म्हणून जो एक आकडा आम्ही वाटत आलो त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: पैशाचं भाडं, कामाची मजुरी आणि मालकीचा वाटा. त्या सुट्या करून बघितल्या. अण्णा बाहेर पडले की त्यांचे ६० लाख पेढीकडे कर्जाऊ राहतील असं धरलं. सगळ्यांच्या पैशाला १० टक्के व्याज. अण्णांना ६, धाकट्याला ५, आम्हाला दोन-दोन, असे १५ लाख गेले. दादाला महिना ५० हजार आणि मला ३५ हजार पगार, म्हणजे वर्षाचे १० लाख २० हजार. उरले १० लाख ८० हजार, ते तिघांत सारखे. दादाच्या पदरी ११ लाख ६० हजार, माझ्या ९ लाख ८०, धाकट्याच्या ८ लाख ६० आणि अण्णांच्या ६. (हे करापूर्वीचे आकडे. फर्मच्या उरलेल्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर सेस.)

गंमत म्हणजे धाकट्याचे फक्त ४० हजार कमी झाले. खरा फटका अण्णांना, आणि ते म्हणाले, "मला काय करायचेत जास्त?"

सीएंनी दोन गोष्टी बजावल्या. पगार किती, तो कसा ठरणार, हे करारात लिहिलेलं पाहिजे. कराराच्या आधीच्या तारखेचा पगार खर्चात धरता येत नाही. भागीदाराच्या भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंतच व्याज वजा मिळतं आणि पगारालाही नफ्यानुसार मर्यादा आहे. आमचे आकडे दोन्हींत बसतात.

गुरुवार

आकडे फोनवरून पाठवले होते. धाकट्याने एकच विचारलं, "नफा २० लाखच झाला तर?"

मांडून बघितलं. व्याज आणि पगार मिळून २५ लाख २० हजार जातात, म्हणजे कागदावर ५ लाख २० हजारांचा तोटा, तिघांत प्रत्येकी पावणेदोनाच्या आसपास. दादाच्या हातात तरीही सव्वासहा लाख राहतात आणि ज्याचे ५० लाख अडकलेत त्याला सव्वातीन. चांगल्या वर्षात न्याय्य वाटणारा हिशोब वाईट वर्षात असा फिरतो. दादाला हे दाखवायला मला धीर गोळा करावा लागला. त्याने बराच वेळ कागद बघितला. मग म्हणाला, निम्मा पगार दरमहा घेईन, उरलेला व्याज भागल्यावर, नफा असेल तर. मी म्हटलं, मलाही तोच नियम लाव.

शनिवार

पुन्हा बैठक. पैशाचं जमलं तरी गाडी कर्तेपणावर अडली, आणि तेव्हा खरं कारण बाहेर आलं. आडतीत शेतकऱ्याचा माल विकला की त्याला पट्टीचे पैसे लगेच द्यावे लागतात. खरेदीदार व्यापारी महिन्याने देतो, कधी दोन महिन्यांनी. मधलं सगळं अंतर आमचं भांडवल भरून काढतं. त्यामुळे पेढी कोण चालवतो याचा अर्थ कुणाला किती उधारी द्यायची हे कोण ठरवतो, एवढाच आहे. गादीवर कोण बसतो ही शोभेची गोष्ट. दादाने एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याला १८ लाखांचा माल शब्दावर सोडलाय आणि तो पैसा अजून आलेला नाही. धाकट्याच्या पोटात तोच गोळा आहे.

दादा चिडून म्हणाला, "२००५ च्या पुरात हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत पाणी शिरलं, माल कुजला, तेव्हा दारोदार फिरून उधारी कुणी गोळा केली? तू कॉलेजात होतास." हेही खरं. सौद्यात पाच मिनिटांत हो-नाही करावं लागतं, तिथे पुण्याला फोन लावून चालत नाही.

शेवटी असं ठरलं. रोजचा कारभार आणि सौदे दादाकडे. एका व्यापाऱ्याकडे येणं १० लाखांच्या वर जायचं असेल तर माझी सही लागेल, २० च्या वर तिघांची. ४५ दिवसांवरच्या येण्याची यादी दर महिन्याला तिघांना जाईल. ते १८ लाख आले नाहीत तर तोटा पेढीचाच धरायचा, एकट्या दादाचा नाही. यावर धाकटा कुरकुरला, पण अण्णांनी हात वर करून थांबवलं.

मुलांचं अजून राहिलंय. दादाचा मुलगा बी.कॉम. होऊन पेढीवर बसू लागलाय आणि दादाला नव्या करारात त्याचं नाव हवंय. धाकटा म्हणतो, आधी तीन वर्षं पगारावर काम करू दे. माझी मुलगी अकरावीत आहे. ती परवा जेवताना म्हणाली, "मला कुणी विचारतच नाही." मी मसुद्यात 'भागीदारांची मुले-मुली' असं लिहून ठेवलंय. दादाने अजून ते वाचलेलं नाही. सोमवारी सीएंकडे जायच्या आधी त्याला दाखवलं पाहिजे.