आमची वाटचाल: शेतकऱ्यांची यादी दोनदा का दिसत होती

भाषांतर आणि पुस्तकजुळणीचं आमचं काम एका विंडोज संगणकावर सुरू झालं. फायलींना मराठीच नावं द्यायची हे पहिल्यापासून ठरलेलं होतं, कारण मजकूर मराठी, काम करणारे मराठी, मग नावं इंग्रजीत कशाला? पुढे मांडणीसाठी मॅक आला, साठवणीसाठी लिनक्सचा सर्व्हर आला आणि सगळ्यांसाठी एक सिंक होणारं फोल्डर तयार झालं. तिथून एक विचित्र प्रकार सुरू झाला.

`शेतकऱ्यांची यादी.docx` ही फाइल विंडोजवर दोनदा दिसू लागली. स्पेलिंग तेच, रिकाम्या जागाही त्याच. एकीत संपादकाच्या दुरुस्त्या, दुसरीत मांडणीकाराच्या. मॅकवर मात्र एकच फाइल दिसायची, कधीकधी तिच्या शेजारी सिंक प्रोग्रामने बनवलेली ‘कॉन्फ्लिक्ट’ प्रत. शेजारची `विद्यार्थ्यांची यादी.docx` कायम शहाण्यासारखी एकच राहिली. हा फरक आमच्या संपादिकाबाईंच्या लक्षात आला. त्यांनी दुप्पट झालेली सगळी नावं कागदावर उतरवली: कर्मचाऱ्यांचे, किनाऱ्यावरील, दुसऱ्या आवृत्तीचे. प्रत्येकात अर्धा ऱ होता, आणि ‘विद्यार्थ्यां’मध्ये रफार.

सर्व्हरवर `ls | xxd` चालवून नावांचे बाइट पाहिले, तेव्हा उलगडा झाला. फक्त ‘ऱ्’एवढा तुकडा असा होता:

```
e0 a4 b1 e0 a5 8d            U+0931 U+094D
e0 a4 b0 e0 a4 bc e0 a5 8d   U+0930 U+093C U+094D
```

युनिकोडमध्ये ऱ एका अक्षरखुणेनेही लिहिता येतो आणि साधा र अधिक नुक्ता असाही. दोन्ही समान मानायचे असा युनिकोडचाच नियम आहे. जोडलेल्या रूपाला एनएफसी म्हणतात, सुट्याला एनएफडी. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नावं सुटी करूनच साठवायची. २०१७पासूनची एपीएफएस नाव जसं येईल तसं ठेवते, पण तुलना करताना दोन्ही रूपं एकच धरते. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची एक्स्ट४ सहसा असं काही करत नाहीत. खुणा वेगळ्या तर नाव वेगळं. म्हणून विंडोजवर जोडलेलं आणि मॅकवरून सुटं आलेलं, अशी दोन्ही नावं सर्व्हरवर सुखाने शेजारी राहत होती.

दुरुस्तीसाठी आम्ही सिंक सगळीकडे थांबवला, पूर्ण बॅकअप घेतला आणि सर्व्हरवर हे चालवलं:

```
convmv -f utf8 -t utf8 --nfc -r ./kame
```

ही आज्ञा कोणती नावं बदलतील एवढंच दाखवते. खरोखर बदलायला तिला `--notest` जोडावं लागतं. ज्या ठिकाणी दोन्ही रूपं हजर होती तिथे ती आधीची फाइल पुसत नाही, आणि ते योग्यच आहे. त्या जोड्या संपादिका आणि मांडणीकार यांनी एकत्र बसून, दोन्हींतल्या दुरुस्त्या जुळवून एक केल्या. सगळ्यात जास्त वेळ याच कामात गेला. मांडणीच्या फायलींमधले चित्रांचे तुटलेले दुवेही पुन्हा जोडावे लागले, कारण त्यांत जुनं नाव नोंदलेलं होतं.

एवढं करूनही काही जोड्या उरल्या. त्यांतला अर्धा ऱ तिसऱ्याच पद्धतीने टाइप झालेला होता: र, हलन्त आणि नंतर न दिसणारा शून्यरुंदी जोडक, म्हणजे `e0 a4 b0 e0 a5 8d e2 80 8d`. पडद्यावर अक्षर तेच, पण युनिकोड याला समान मानत नाही, त्यामुळे `convmv` त्याला हातही लावत नाही. ॲ या अक्षराचंही असंच आहे. `U+0972` आणि अ अधिक चंद्र (`U+0905 U+0945`) दिसतात सारखे, पण नियमाने वेगळे. या दोन्हींसाठी आम्ही एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. बाहेरून आलेली प्रत्येक फाइल आधी एका वेगळ्या फोल्डरमध्ये उतरते, तिथे स्क्रिप्ट नाव तपासते, `U+0931` आणि `U+0972` ही रूपं करते, आणि मगच फाइल सामायिक फोल्डरमध्ये जाते.

त्याच स्क्रिप्टमध्ये नंतर लांबीची तपासणी घातली. एक्स्ट४वर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे साधारण ८५ खुणा. विंडोजवर आरामात मावलेलं प्रकरणाचं लांबलचक शीर्षक सर्व्हरवर `File name too long` म्हणून अडायचं. आता एक्सटेंशन धरून ७० खुणांपुढचं नाव स्क्रिप्ट परत पाठवते, म्हणजे सिंक प्रोग्रामला मागे स्वतःची तारीख जोडायला जागा उरते.